त्रासाला नऊ गुण

त्रासाला मी दहापैकी नऊ गुण दिले आणि ते बेरजेत मिळवले. ज्या कामाचा त्रास सगळ्यांत जास्त, ते काम त्यामुळे पहिलं आलं. तो कागद मी स्वतः टाइप केला, स्वतः तपासला, सोळा झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक दाराच्या फटीतून आत सरकवला. एका दाराची फट बुजवलेली होती, तिथे घंटी वाजवून हातात दिला. एवढी काळजी घेऊन केलेली चूक माझ्या हातून त्याआधी झालेली नव्हती.

आमची इमारत जळगावच्या बाहेरच्या अंगाला, रिंगरोड सोडून थोडी आत. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्याला चार घरं. लिफ्ट नाही. त्यामुळे चौथ्या मजल्याचे फ्लॅट स्वस्तात गेले आणि गच्ची गळायला लागली तेव्हा ते आणखी स्वस्त झाले. मी पहिल्या मजल्यावर. माझ्या डोक्यावर तीन मजल्यांची छत्री, त्यामुळे गळती हा विषय मी बरीच वर्षं तात्त्विक पातळीवर हाताळत होतो.

मला सोसायटीचा सेक्रेटरी का केलं, याचं कारण साधं आहे. मी निवृत्त झालो होतो आणि एका सभेत 'तुलनात्मक तक्ता' हा शब्द बोलून गेलो. आमच्याकडे सभेत जड शब्द बोलणाऱ्यावर काम पडतं. म्हणून शहाणी माणसं गप्प बसतात.

नोकरी ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात झाली. मी दर्जा तपासणीत होतो. तिथे आम्ही दोषांना गुण द्यायचो. नळीची जाडी कमीजास्त, एवढे गुण. भोक वाकडं, एवढे गुण. ज्या नळीचे गुण कमी, ती पास. ज्या नळीचे गुण जास्त, ती भट्टीत परत. आयुष्यभर जास्त गुण मिळवणाऱ्याला नापास करत आलेल्या माणसाकडे सोसायटीने गुणांचा तक्ता सोपवला, यात सोसायटीचीही थोडी चूक आहे असं मला वाटतं. पण हा मुद्दा मी सभेत मांडला नाही.

प्रश्न असा होता. गच्चीचा जुना थर फुटला होता. दोन पावसाळे चौथ्या मजल्यावर पाणी उतरत होतं. तीन ठेकेदारांनी तीन उपाय सांगितले. पहिला उपाय केमिकल कोटिंगचा, म्हणजे गच्ची घासून, भेगा भरून वर रबरासारखा रंग मारायचा. दुसरा कोबा. जुना थर छिन्नी-हातोड्याने फोडून काढायचा, विटांचे तुकडे सिमेंटात बसवून उतार द्यायचा, वर चिनी मातीच्या फुटक्या टाइल्स लावायच्या. तिसरा उपाय लोखंडी सांगाडा उभारून अख्ख्या गच्चीवर पत्रे टाकण्याचा.

कमिटी पाच जणांची. त्यातले दोघे सभेला येत आणि सही करून मोबाइल बघत. उरलो तिघे. अध्यक्ष आबा, तिसऱ्या मजल्यावरचे. मूळ सोनगीरकडचे, एसटीच्या धुळे डेपोतून निवृत्त. ऑफिसात बसल्यासारखं शुद्ध बोलायचे, पण संतापले की थेट अहिराणीवर यायचे, त्यावरून आम्हाला हवामान कळायचं. दुसऱ्या अक्का, माझ्याच मजल्यावरच्या, समोरच्या दारात. रावेरकडे त्यांची केळीची शेती. नातवंडांच्या शाळेसाठी इथे घर घेतलेलं. केळीचे घड मोजून, व्यापाऱ्याशी भांडून त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे कागदावरचा आकडा त्या आधी संशयाने बघतात आणि मग वाचतात. तिसरा मी.

आबांनी मला बजावलं होतं, "सेक्रेटरी, एक पान. फक्त एक. जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचता आलं पाहिजे. आणि हिशेबाचं शिक्षण नसलेल्या माणसाला कळलं पाहिजे."

मी पहिला मसुदा केला तो सात पानांचा. त्यात 'निव्वळ वर्तमान मूल्य' असा शब्द होता. तो मी इंटरनेटवर वाचला होता आणि मला फार आवडला होता. नमुना म्हणून अक्कांना वाचायला दिला. त्या दारातच उभ्या राहून वाचू लागल्या. दुसऱ्या पानावर थांबल्या.

"भाऊ, हे वर्तमान मूल्य कोणाचं?"

"पैशाचं, अक्का. आजचा रुपया आणि दहा वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो ना, म्हणून..."

"ते माहीत हाये. मागच्या वर्षी केळीला काय भाव होता नि यंदा काय, मले सांगता? तुम्ही मले एवढंच सांगा, माझ्या घरचे किती जाणार, किती वर्षांत एकदा जाणार."

मी सात पानं घेऊन परत आलो. राग आला होता, पण विचार करता तोच प्रश्न बरोबर होता. सोळा घरांतल्या प्रत्येकाला तेवढंच हवं होतं. म्हणून पान नव्याने मांडलं. वर एका ओळीत प्रश्न: गच्चीचं काय करायचं. खाली खर्चाचा छोटा तक्ता. एकूण रक्कम लाखांत लिहिली की माणसं घाबरतात किंवा बेफिकीर होतात, म्हणून प्रत्येक घराला पडणारी रक्कम लिहिली. कोटिंगचे एक लाख साठ हजार, म्हणजे घरामागे दहा हजार. कोब्याचे चार लाख ऐंशी हजार, घरामागे तीस हजार. पत्र्यांचे सात लाख वीस हजार, घरामागे पंचेचाळीस हजार.

इथवर कोटिंग सगळ्यांना आवडणार हे उघड होतं. पण ठेकेदारांना मी खोदून विचारलं होतं की हे टिकणार किती. कोटिंग चार वर्षं. कोबा पंधरा. पत्रे वीस, मधे एकदा रंगवले तर, आणि ती रंगाई मी खर्चात आधीच धरली होती. म्हणून पुढचा रकाना केला: वर्षाला घरामागे किती. दहा हजार भागिले चार, अडीच हजार. तीस हजार भागिले पंधरा, दोन हजार. पंचेचाळीस हजार भागिले वीस, सव्वादोन हजार. खाली बारीक अक्षरात लिहिलं की ही वर्षं ठेकेदारांनी सांगितलेली आहेत, देवाने नाही, आणि भाव आजचे धरले आहेत.

हा भाग नीट जमला होता. आज पाहिलं तरी मला त्याची लाज वाटत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लाजेचं बरंच आहे.

कागदाचा दुसरा भाग गुणांचा होता. खर्च त्यात घेतला नाही, कारण तो वर वेगळा दिलाच होता. तोच परत गुणांत धरला तर दोनदा मोजल्यासारखं होईल, एवढं मला कळत होतं. टिकाऊपणाचंही तसंच, तो वर्षाच्या खर्चात आलेलाच होता. गुण फक्त पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टींना. त्या गोष्टी आणि त्यांचं वजन आधीच्या सभेत कमिटीने ठरवलं होतं. गळती थांबण्याची खात्री किती, त्याला वजन चार. गच्ची वापरता येईल का, त्याला तीन. काम चालू असताना होणारा त्रास, त्यालाही तीन.

गच्चीच्या वापराला तीन कसे मिळाले, ते आमच्या बाजूच्या माणसाला सांगावं लागणार नाही. उन्हाळ्यात त्या गच्चीवर कुरडया आणि ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, वाळत असतात. साड्या अंथरून, चार कोपऱ्यांवर विटा ठेवून. थंडीत भरिताची पार्टी तिथेच होते. वांगी भाजायला शेतातून पऱ्हाट्या आणतात, आणि त्या कपाशीच्या काड्या पेटल्या की खाली पार्किंगपर्यंत धूर. कोटिंगवर जाळ केला तर कोटिंगच भाजून निघेल, हे ठेकेदाराने स्वतः सांगितलं. पत्र्याखाली ऊन येणार नाही, मग कुरडया वाळवायच्या कुठे, हे अक्कांनी सांगितलं. तेव्हा कोटिंगला या बाबतीत सहा, कोब्याला नऊ, पत्र्याला चार. गळतीच्या खात्रीत कोटिंगला पाच, बाकी दोघांना आठ-आठ. कोब्याचा भार जुना स्लॅब पेलेल का, ते इंजिनिअरकडून तपासून घेतलं होतं. पत्रे वैशाखातल्या वावटळीत उडाले तर काय, हा प्रश्न होताच, पण ठेकेदाराने सांगाड्याची हमी दिली होती.

राहिला त्रास. कोटिंगचा त्रास थोडा: आठवडाभर वास, गच्ची बंद. दोन. पत्र्याचा मध्यम: वेल्डिंग, ड्रिल. पाच. कोब्याचा भयंकर. आठ-दहा दिवस छिन्नीचा आवाज, जिन्यातून मलब्याच्या पाट्या, आणि नंतर कोब्यावर आळं करून पाणी धरायचं. आमच्या नळाला दिवसाआड पाणी. लोकांना प्यायला नाही आणि गच्ची पाण्यात. मी मन घट्ट करून कोब्याला नऊ दिले.

आणि बेरीज केली.

कोबा शहाऐंशी. पत्रे एकोणसाठ. कोटिंग चव्वेचाळीस. मी खाली ठळक अक्षरात लिहिलं: 'कोबा स्पष्टपणे आघाडीवर.'

खरं सांगायचं तर निकाल मला हवा तसाच आला होता, म्हणून मी तो फिरून तपासला नाही. त्यामागे एक कारण होतं, ते चौथ्या मजल्यावर राहत होतं.

चौथ्या मजल्यावरचे भाई. गाद्या-रजयांचं दुकान, जुन्या बाजारात. दुकान वडिलांपासूनचं, घर मात्र स्वतःच्या कमाईचं. जुन्या वस्तीतल्या दोन खोल्यांतून ते इथे आले तेव्हा भाभींनी सगळ्या इमारतीला शीरखुर्मा पाठवला होता. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या आईच्या खोलीतलं छताचं प्लास्टर पलंगावर पडलं. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती, म्हणून निभावलं. मी बघायला गेलो, तर छताला पोपडे, लोखंडी सळ्या गंजून उघड्या पडलेल्या, खाली दोन बादल्या आणि एक पातेलं. भाईंनी मला खुर्ची दिली ती नेमकी बादल्यांच्या मधल्या कोरड्या जागेत.

"भाऊ, भांडण करायची माझी सवय नाही," ते म्हणाले. "पण यंदाही असंच राहिलं तर मी घर विकतो. गिऱ्हाईक आहे. भाव काय येईल तो येईल. अम्मीला घेऊन परत जुन्या घरी."

"अहो, असं कसं? गच्ची सोसायटीची आहे. गळतीचा खर्च सोसायटीनेच करायचा असतो, नियमच आहे तसा."

"नियम आहे ना. मग दोन वर्षं बादल्या कोण भरतोय?"

मी चहा पिऊन उतरलो आणि तेव्हाच मनाशी ठरवलं की हे काम एकदाच आणि पक्कं झालं पाहिजे. कोबाच. म्हणजे बघा, परीक्षक निकाल ठरवून उत्तरपत्रिका तपासायला बसला होता.

कमिटीची सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, अक्कांच्या घरून चहा. भाई कमिटीत नव्हते, पण मीच त्यांना बोलावलं होतं. ते खांबाजवळ उभे राहिले, खुर्ची असून बसले नाहीत. मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. घसा साफ केला. खर्चाचा भाग समजावला, तो सगळ्यांना समजला. आबांनी मान डोलावली. मग मी म्हणालो, "आणि गुणांमध्ये तर कोबा शहाऐंशी घेऊन..."

"थांबा," अक्का म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि कागद नाकाजवळ आणला. "त्रासाले कोब्याचे नऊ?"

"हो. सगळ्यात जास्त त्रास त्याचाच आहे."

"आणि कोटिंगचे दोन."

"त्याचा त्रास कमी."

"मग जो जास्त छळतो, त्याले जास्त गुण?"

मी कागद डोळ्यांजवळ आणून त्रासाचा रकाना परत वाचला. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवर कावळा बसला होता, तोही माझ्याकडे बघतोय असं वाटलं. अक्का इतरांना सांगू लागल्या, अगदी शांतपणे. "माझी सून मले त्रास देते, तर मी तिले पहिला नंबर द्यायचा का? भाऊंच्या हिशोबानं ती सुवर्णपदकवाली हाये."

मोबाइल बघणाऱ्या दोघांनीही मोबाइल खाली ठेवले. कमिटीच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं.

मी कारखान्याची सवय सांगायचा प्रयत्न केला. दोषांचे गुण, कमी गुणाची नळी पास वगैरे. आबा मधेच म्हणाले, "मग तुम्ही तिकडेही असंच बेरीज करून पाठवत होता का? सांगा, म्हणजे माझ्या भाच्याच्या शेतातल्या नळ्या बदलून घेतो."

ते शुद्ध बोलत होते, म्हणजे अजून संतापले नव्हते. मी तिथेच, कागदाच्या मागे, दुरुस्ती केली. त्रासाचा आकडा दहातून वजा करायचा आणि रकान्याचं नाव बदलून 'सोय' करायचं, म्हणजे सगळीकडे जास्त ते चांगलं. कोटिंगची सोय आठ, कोब्याची एक, पत्र्याची पाच. वजन तीन. परत बेरीज. कोटिंगचे गळतीचे वीस, गच्चीचे अठरा, सोयीचे चोवीस: बासष्ट. कोब्याचे बत्तीस, सत्तावीस आणि तीन: बासष्ट. पत्र्याचे बत्तीस, बारा, पंधरा: एकोणसाठ.

मी दोनदा केली. बासष्ट आणि बासष्टच.

"बरोबरीत," मी म्हणालो.

"मग झालं की," मोबाइलवाल्यांपैकी एक म्हणाला. वर्षभरात त्याने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असेल. "गुण सारखे, तर स्वस्त ते करा. दहा हजारांत भागतंय. तीस कोण देणार? आमच्या घरात तर गळतही नाही."

खांबाजवळून भाईंनी आपला कागद नीट चौकोनी घडी घालून खिशात ठेवला.

आता सुचेल ती दुरुस्ती करावी म्हणून मी म्हणालो, "आबा, मला वाटतं गळतीला चार वजन कमी पडतंय. सहा करूया. शेवटी मुद्दा गळतीचाच आहे. सोयीला एक केलं तरी..."

आबांनी खुर्ची मागे सरकवली. "बठ्ठा हिशोब उलटा करी टाकशात का? वजनं आधी ठरनात. निकाल दखीसन वजनं बदलाले हाई काय शे, जत्रा शे का?"

अहिराणी. म्हणजे वादळ आलं होतं. मी खाली बसलो. आणि ते बरोबरच बोलत होते, वजनं आधीच ठरलेली होती. गुण बघून वजन बदलायला लागलो तर प्रत्येक जण आपल्या मजल्याचं वजन घेऊन येईल, आणि मग कागदाला अर्थ तरी काय? तळमजल्यावर कुणी राहत असतं तर त्याने पार्किंगच्या सावलीला वजन मागितलं असतं.

आबांनीच थोड्या वेळाने शुद्ध मराठीत परत येऊन विचारलं, "मग ठरवायचं का कोटिंग?"

"ठरवा," अक्का म्हणाल्या. "पण तो वास आठ दिवस. नि गच्ची बंद. माझे बिबडे राहिले तर राहिले. यंदा रस्त्यावर वाळवेन." मग जरा थांबून, "आणि चार वर्षांनी परत?"

"परत," मी म्हणालो.

"त्याच्या पुढे?"

"पुन्हा चार वर्षांनी परत."

"आणि दर वेळी तुम्ही असा कागद घेऊन येणार? मग हा त्रास एकदाचा कसा झाला भाऊ? माझ्या सुनेचा त्रास काय लग्नाच्या दिवशीच मोजायचा?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी खर्च वर्षांनी भागून दाखवला होता, पण त्रास मात्र एकदाच मोजला होता. खर्च पंधरा वर्षांच्या चष्म्यातून आणि त्रास या उन्हाळ्याच्या. दोन्हीला एकच मुदत हवी. वजनं न बदलता, नियम न मोडता चूक दुरुस्त होत होती, कारण चूक वजनात नव्हतीच. मी उठलो, आबांना म्हणालो, "वजनांना हात लावत नाही, शपथ. फक्त मोजण्याची मुदत सारखी करतो. कोबा पंधरा वर्षांत एकदा. पत्रेही एकदा. कोटिंग आत्ता, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या वर्षी. म्हणजे चारदा."

आबांनी बोटांवर मोजलं. "आत्ता, चार, आठ, बारा. चारदा. बरोबर."

"प्रत्येक वेळचा त्रास दोन. चार वेळा दोन, आठ. दहातून आठ गेले, सोय राहिली दोन. त्याला तीनचं वजन, सहा. वीस, अठरा आणि सहा."

"चव्वेचाळीस," आबा म्हणाले. मग त्यांनी माझा मूळ कागद वर करून बघितला. तिथेही कोटिंगला चव्वेचाळीसच होते. "म्हणजे एवढा गोंधळ घालून तुम्ही परत तिथेच आलात."

"योगायोग आहे, आबा."

"तुमचे सगळे योगायोगच."

आता कोबा बासष्ट, पत्रे एकोणसाठ, कोटिंग चव्वेचाळीस. मोबाइलवाला म्हणाला, तीन गुणांनी काय होतं, पत्रेही जवळच आहेत. त्यात तथ्य होतं. हे गुण अंदाजाने दिलेले. कुणी गच्चीच्या वापरात पत्र्यांना चारऐवजी पाच म्हटलं असतं तर तो फरक पुसला गेला असता. मी ते मान्य केलं आणि म्हणालो, गुणांनी फक्त कोटिंग बाजूला पडतं. उरलेल्या दोघांत खर्च बघा. कोबा वर्षाला दोन हजार, पत्रे सव्वादोन. आणि आज खिशातून काढायचे कोब्याचे तीस हजार, पत्र्याचे पंचेचाळीस. शिवाय पत्र्यांना महापालिकेची परवानगी काढायला लागणार, ती कधी मिळेल याची वर्षं मी कागदात धरलेली नाहीत.

त्यावर सगळे हसले. परवानगीचा विषय निघाला की जळगावात मतभेद राहत नाहीत.

तीस हजार एकदम कुणाला जमणार नव्हते. दुरुस्ती निधीत थोडी रक्कम होती, ती आधी वापरायची आणि उरलेले घरांनी तीन हप्त्यांत द्यायचे, असं आबांनी सुचवलं. पुढे सर्वसाधारण सभा बोलावून तिथे मंजुरी घ्यायची होती, कारण एवढा खर्च कमिटीला आपल्या अधिकारात करता येत नाही. मला कागद परत लिहायला सांगितला. एकच पान. आबांची अट अशी की छापण्याआधी अक्कांनी वाचायचा.

मी नव्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं: 'सर्व रकान्यांत जास्त गुण म्हणजे चांगलं.' अक्कांनी ती ओळ वाचली आणि त्याखाली पेन्सिलने रेघ मारली.

सर्वसाधारण सभा पंधरवड्याने झाली. सोळापैकी चौदा घरांतून माणसं आली. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने विचारलं की आमच्या डोक्यावर गळत नाही, आम्ही का द्यायचे? आबांनी त्याला सांगितलं की गच्ची त्याचीही आहे, भरिताच्या वेळी सगळ्यात आधी तोच वर असतो. तो खाली बसला. मग हात वर करायला सांगितलं. मी एकेक हात बघत होतो. भाई या वेळी मागच्या खुर्चीवर बसले होते. शेवटी दोन घरं सोडून बाकी बाराही घरांचे हात वर झाले. भाईंचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, सावकाश, जणू तो त्यांचा स्वतःचा नव्हताच. मग तो खाली आला आणि त्यांनी त्याच हाताने चेहरा पुसला.

सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले. "त्या गिऱ्हाइकाला फोन करतो," म्हणाले. "घर विकायचं नाही म्हणून सांगतो." आणि जिना चढून गेले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेगाने, कारण वर अम्मी वाट बघत होती.

मी खुर्च्या गोळा करत होतो. मन भरून आलं होतं. एका कागदाने माणसाचं घर वाचतं म्हणजे काय, याचा विचार करत होतो. निवृत्तीनंतर पहिल्यांदा आपण काही उपयोगाचं केलं असं वाटत होतं. अक्का चहाचे पेले उचलत होत्या. मला राहवलं नाही.

"अक्का, पाहिलंत ना? नीट एक पान मांडलं की बाराही मजल्यांचं एकमत होतं."

"मजले चार हायेत," अक्का म्हणाल्या.

"तेच. म्हणजे म्हणायचं असं, की लोकांना कागद पटला."

अक्कांनी पेले ताटात रचले, पदर खोचला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पटला कायले भाऊ? नाही म्हणलं असतं तर तुम्ही तिसरा कागद काढला असता. त्या भ्यानं हात वर केले लोकांनी."